चौथ्या दिवशी नाळेतून रक्त: एका केसमधून रक्त गोठण्याची साखळी, व्हिटॅमिन के आणि रक्तगट

फिजिऑलॉजीच्या पेपरात रक्त गोठण्यावर दीर्घोत्तरी प्रश्न येतो, व्हिटॅमिन केवर टीप येते आणि रक्तगट प्रॅक्टिकलला येतात. विद्यार्थी हे तीन तुकडे तीन वेगळ्या वहीत पाठ करतात आणि परीक्षकाने केस दिली की अडतात. म्हणून इथे केसपासूनच सुरुवात करू. केस परीक्षेसाठी रचलेली आहे, पण तिच्यातले आकडे प्रत्यक्षात दिसतात तसेच आहेत.

चार दिवसांचे बाळ, वजन ३ किलो. बाळंतपण घरी झाले, जन्मल्यावर कोणतेही इंजेक्शन दिलेले नाही, बाळ फक्त अंगावरचे दूध पिते. आदल्या रात्रीपासून नाळेच्या बुंध्यातून रक्त पाझरते आहे आणि शी काळी होते आहे. ताप नाही, बाळ दूध ओढते. तपासणीत प्लेटलेट २.८ लाख, पीटी ६८ सेकंद (कंट्रोल १३), एपीटीटी ११० सेकंद (कंट्रोल ३२), फायब्रिनोजेन २१० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर. आईचा रक्तगट ओ निगेटिव्ह, बाळाचा ए पॉझिटिव्ह. दोष कुठे आहे, काय द्यायचे आणि आईसाठी काय करायचे, असे तीन प्रश्न आहेत.

आधी प्लेटलेट: त्या दोषी नाहीत हे कशावरून

रक्तवाहिनी कापली की पहिल्या काही सेकंदांत ती आकुंचन पावते आणि तिच्या अस्तराखालचे कोलॅजन उघडे पडते. रक्तद्रवातले फॉन विलेब्रांड फॅक्टर नावाचे लांब प्रथिन या कोलॅजनला चिकटते, आणि प्लेटलेट आपल्या पृष्ठभागावरच्या जीपी-१बी या ग्राहीने त्या प्रथिनाला पकडतात. हे चिकटणे. पुढे प्लेटलेट उत्तेजित होतात, त्यांचा चकतीसारखा आकार बदलून त्यांना काटे फुटतात आणि त्या एडीपी, सेरोटोनिन, कॅल्शियम बाहेर टाकतात व थ्रॉम्बॉक्सेन ए२ तयार करतात. ही रसायने शेजारून वाहणाऱ्या प्लेटलेटना बोलावतात. शेवटी जीपी-२बी/३ए हा ग्राही उघडतो आणि फायब्रिनोजेनचा एक रेणू दोन प्लेटलेटना एकमेकींशी बांधतो. हे एकत्र येणे. उत्तरात चिकटणे, स्रवणे आणि एकत्र येणे या तीन पायऱ्या याच क्रमाने लिहा, आणि प्रत्येकीसमोर तिचा ग्राही किंवा तिचे रसायन लिहा. गुण तिथे मिळतात.

अ‍ॅस्पिरिनचा प्रश्न इथेच सुटतो. ते सायक्लोऑक्सिजिनेज हे विकर कायमचे बंद पाडते, म्हणून थ्रॉम्बॉक्सेन बनत नाही. प्लेटलेटला केंद्रक नसते, त्यामुळे ती नवे विकर बनवू शकत नाही. ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, परिणाम टिकतो.

प्लेटलेटचे दुसरे काम विद्यार्थी हमखास विसरतात. उत्तेजित झालेली प्लेटलेट आपल्या आवरणाच्या आतल्या बाजूचे फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेरच्या बाजूला आणते. ऋणभार असलेल्या या पृष्ठभागावरच पुढची साखळी चालते. म्हणजे प्लेटलेट छिद्र बुजवते आणि गुठळी बनायला जागाही देते.

आता बाळाकडे पाहा. प्लेटलेट १.५ ते ४ लाख या मर्यादेत आहेत. शिवाय प्लेटलेटच्या दोषात त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, हिरड्यांतून व नाकातून रक्त येते आणि जखम होताच रक्त वाहू लागते. बाळाच्या अंगावर असे ठिपके नसतील आणि रक्त सतत पाझरत असेल, तर शोध साखळीत घ्यायचा.

साखळी काढायची ती मधून

बहुतेक जण आकृती फॅक्टर १२ पासून सुरू करतात आणि अर्ध्यात गोंधळतात. कागदाच्या मध्यभागी फॅक्टर १० लिहा. खाली क्रमाने प्रोथ्रॉम्बिन, थ्रॉम्बिन, फायब्रिनोजेन, फायब्रिन लिहा. ही सामाईक वाट. १० ला मदत करणारा ५, म्हणून तो त्याच्या शेजारी. आता उजवीकडून एकच पायरी आणा: ऊतीतला टिश्यू फॅक्टर आणि ७. ही बाह्य वाट, सर्वांत आखूड. डावीकडून चार आकडे उतरत आणा: १२, ११, ९ आणि ९ चा मदतनीस ८. ही आंतरिक वाट. फॅक्टर ६ नावाचे काही नाही आणि ४ म्हणजे कॅल्शियम. उत्तरपत्रिकेत हे आकडे रोमन लिपीत लिहायचे आणि सक्रिय रूपाला लहान ‘ए’ जोडायचा, एवढे लक्षात असू द्या.

५ आणि ८ हे विकर नाहीत, सहघटक आहेत. सक्रिय ९ एकटा १० ला फार सावकाश सक्रिय करतो. त्याला सक्रिय ८, कॅल्शियम आणि प्लेटलेटचा पृष्ठभाग मिळाला की वेग प्रचंड वाढतो. या जुळणीला टेनेज म्हणतात. तशीच १० आणि ५ ची जुळणी म्हणजे प्रोथ्रॉम्बिनेज. हिमोफिलिया एमध्ये ८ नसतो आणि बीमध्ये ९ नसतो. दोन्हींत टेनेजच अपंग होते, म्हणून रोग्याकडे पाहून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत.

ही दोन वाटांची मांडणी १९६४ मध्ये आली आणि प्रयोगशाळेतल्या नळीसाठी ती आजही चोख आहे. शरीरात मात्र सुरुवात जवळजवळ नेहमी टिश्यू फॅक्टर आणि ७ यांच्यापासून होते. ही जोडी १० ला सक्रिय करते आणि थेट ९ लाही करते. त्यातून आधी थोडेसे थ्रॉम्बिन बनते. ते थ्रॉम्बिन मागे वळून ५, ८, ११ आणि प्लेटलेट यांना सक्रिय करते, आणि मग थ्रॉम्बिनचा खरा लोंढा येतो. हे समजले की एक कोडे सुटते: फॅक्टर १२ जन्मतः नसलेल्या माणसाचा एपीटीटी खूप लांबतो, तरी त्याला रक्तस्राव होत नाही. शरीराला सुरुवातीसाठी १२ ची गरजच पडत नाही. उलट ८ किंवा ९ नसेल तर लोंढा येत नाही आणि गुडघ्यात रक्त साचते. दीर्घोत्तरी प्रश्नात शेवटी हा परिच्छेद लिहिलात तर परीक्षकाला कळते की तुम्ही आकृती नुसती उतरवलेली नाही.

शेवटची पायरी फॅक्टर १३ ची. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे छोटे तुकडे कापून फायब्रिन बनवते आणि त्याचे धागे आपोआप जुळतात, पण ते सैल असतात. सक्रिय १३ त्यांच्यात आडवे पक्के बंध घालतो. १३ नसेल तर गुठळी बनते पण टिकत नाही.

पीटी आणि एपीटीटी: नळीत नेमके काय घडते

रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असते, आणि प्रमाण रक्त ९ भाग, सायट्रेट १ भाग. सायट्रेट कॅल्शियम अडकवून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. नळी अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त उरते, तपासणीत घातलेले कॅल्शियमही तेच गिळते, आणि दोन्ही वेळा खोट्या लांबतात. नवजात बाळाचे रक्त थोडेच निघते, त्यामुळे तिथे ही चूक सर्वाधिक होते. असा निकाल आला की आधी नळी भरली होती का ते विचारायचे. तोंडी परीक्षेत हे उत्तर दिलेत तर पुढचा प्रश्न सोपा येतो.

पीटीसाठी ०.१ मिली रक्तद्रव ३७ अंशांवर गरम करून त्यात ०.२ मिली थ्रॉम्बोप्लास्टिन-कॅल्शियम अभिकर्मक घालतात आणि गुठळी दिसेपर्यंतचे सेकंद मोजतात. थ्रॉम्बोप्लास्टिन म्हणजे टिश्यू फॅक्टर आणि फॉस्फोलिपिड. त्यामुळे ही तपासणी ७ आणि सामाईक वाट मोजते. एपीटीटीमध्ये टिश्यू फॅक्टर देत नाहीत. केओलिनसारखा पृष्ठभाग आणि फॉस्फोलिपिड घालून काही मिनिटे थांबतात, १२ व ११ जागे होऊ देतात आणि मग कॅल्शियम क्लोराइड घालतात. ही तपासणी डावी बाजू आणि सामाईक वाट मोजते. दोन्ही नळ्यांत फॉस्फोलिपिड बाहेरून मिळते, म्हणून प्लेटलेट कमी असल्या तरी दोन्ही वेळा बिघडत नाहीत.

एकटा पीटी लांबला तर ७. एकटा एपीटीटी लांबला आणि रक्तस्राव आहे तर ८, ९ किंवा ११. दोन्ही लांबले तर सामाईक वाट, किंवा एकाच वेळी अनेक फॅक्टर. दोन्ही ठीक, प्लेटलेट ठीक आणि तरी नाळेतून रक्त, तर १३ आठवा. त्याची गुठळी ५ मोलर युरियात विरघळते, हीच त्याची जुनी तपासणी.

आपल्या बाळात दोन्ही लांबले आहेत. नवजात बाळाचा एपीटीटी मुळात थोडा जास्त असतो, ५० सेकंदांपर्यंत चालतो, पण ११० म्हणजे नक्की दोष. हिमोफिलिया बाद, कारण त्यात पीटी ठीक राहतो. रक्तवाहिन्यांत जागोजागी गुठळ्या होऊन सगळेच संपण्याचा आजार, म्हणजे डीआयसी, हाही बाद. त्यात प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन दोन्ही घसरतात आणि बाळ खूप आजारी दिसते. राहिले दोन: यकृत निकामी होणे आणि व्हिटॅमिन केची कमतरता.

व्हिटॅमिन के काय करते

यकृत फॅक्टर २, ७, ९ आणि १० बनवते. सोबत प्रोटीन सी आणि एस हे गोठणे थोपवणारे दोन रेणूही बनवते. या सहांच्या सुरुवातीच्या भागात ग्लुटामिक आम्लाचे अनेक घटक असतात. व्हिटॅमिन केच्या मदतीने एक विकर त्या प्रत्येकावर आणखी एक कार्बॉक्सिल गट बसवते. आता तिथे शेजारी शेजारी दोन ऋणभार आले, आणि दोन धनभार असलेले कॅल्शियम त्यांच्यात चपखल बसते. कॅल्शियम बसले की फॅक्टर प्लेटलेटच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतो. व्हिटॅमिन के नसेल तर यकृत प्रथिने बनवतेच, रक्तात सोडतेही, पण ती पृष्ठभागाला चिकटू शकत नाहीत. फॅक्टर आहेत पण निकामी आहेत. “व्हिटॅमिन के फॅक्टर तयार करते” एवढेच लिहिले तर उत्तर अर्धे राहते.

हे काम करताना व्हिटॅमिन के स्वतः एपॉक्साइड रूपात जाते. एपॉक्साइड रिडक्टेज हे विकर त्याला परत वापरण्याजोगे करते. वॉर्फरिन नेमके हेच विकर अडवते. आधी बनलेले फॅक्टर रक्तात फिरतच असतात, म्हणून वॉर्फरिनचा पूर्ण परिणाम दिसायला दिवस लागतात. फॅक्टर ७ चे अर्धायुष्य सुमारे ६ तास, प्रोथ्रॉम्बिनचे ६० तासांच्या वर. त्यामुळे पीटी सर्वांत आधी लांबतो आणि वॉर्फरिनवरच्या रुग्णाला आयएनआरने तपासतात, जो पीटीवरून काढतात. नळीतल्या रक्तात वॉर्फरिन घातले तर काहीच होत नाही, कारण तिथे यकृत नाही. हेपारिन मात्र नळीतही चालते, कारण ते रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनला बळ देते.

नवजात बाळाला याची कमतरता का पडते? व्हिटॅमिन के वारेतून फार थोडे उतरते. आतड्यात ते बनवणारे जिवाणू पहिल्या दिवसांत पुरेसे नसतात. आईच्या दुधात ते लिटरमागे अवघे काही मायक्रोग्रॅम असते आणि बाळाचे यकृत अजून कच्चे असते. म्हणून जन्मल्यावर १ मिलिग्रॅम व्हिटॅमिन के मांडीच्या स्नायूत देतात. अगदी कमी वजनाच्या बाळाला ०.५ मिलिग्रॅम. आपल्या बाळाला ते मिळाले नाही, आणि दुसऱ्या ते सातव्या दिवसातला हा या आजाराचा ठरलेला काळ आहे.

यकृताचा दोष यातून वेगळा काढायचा तर फॅक्टर ५ मोजा. तोही यकृतात बनतो पण त्याला व्हिटॅमिन के लागत नाही. ५ ठीक असेल तर यकृत ठीक आहे. दुसरी पद्धत म्हणजे उपचार करून पाहणे: शिरेतून सावकाश किंवा त्वचेखाली १ मिलिग्रॅम व्हिटॅमिन के द्यायचे. काही तासांत पीटी उतरू लागला तर निदान पक्के, कारण यकृतात तयार पडलेल्या प्रथिनांना फक्त कार्बॉक्सिल गट हवा असतो. निकामी यकृत असा प्रतिसाद देत नाही. रक्तस्राव सुरू असलेल्या बाळाला हे इंजेक्शन स्नायूत देत नाहीत, तिथे रक्त साचते.

रक्तद्रव द्यायचे, पण कोणत्या गटाचे

रक्तस्राव जोरात असेल तर व्हिटॅमिन केची वाट पाहत बसता येत नाही. गोठवून ठेवलेले ताजे रक्तद्रव किलोमागे १० ते १५ मिली देतात, म्हणजे या बाळाला ३० ते ४५ मिली.

रक्तगटाचा नियम इथे उलटा होतो आणि इथेच चूक होते. तांबड्या पेशी देताना घेणाऱ्याच्या प्रतिद्रव्यांकडे पाहायचे, रक्तद्रव देताना घेणाऱ्याच्या प्रतिजनांकडे. बाळाच्या पेशींवर ए प्रतिजन आहे. ओ गटाच्या रक्तद्रवात अँटी-ए असते, ते बाळाच्या पेशी फोडेल. म्हणून रक्तद्रव ए किंवा एबी गटाचे. एबीमध्ये कोणतेच प्रतिद्रव्य नसते, त्यामुळे रक्तद्रवाचा सर्वदाता एबी आहे. तांबड्या पेशी लागल्या तर मात्र ओ गटाच्या निवडतात, कारण ओ गटाच्या आईचे काही अँटी-ए हे आयजीजी असते आणि ते वारेतून बाळात आलेले असू शकते.

रक्तगट ठरवताना दोन्ही बाजूंनी तपासतात: पेशींवर अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी घालून, आणि रक्तद्रव माहीत असलेल्या ए व बी पेशींवर घालून. नवजात बाळात दुसरी बाजू निरुपयोगी असते. स्वतःची प्रतिद्रव्ये ३ ते ६ महिन्यांनंतर दिसू लागतात. त्याआधी रक्तात सापडतात ती आईची. प्रॅक्टिकलमध्ये निळे अँटी-ए, पिवळे अँटी-बी आणि रंगहीन अँटी-डी घेऊन प्रत्येकाच्या थेंबात सलाइनमध्ये मिसळलेल्या पेशींचा एक थेंब घालायचा. शेजारी नुसत्या सलाइनचे कंट्रोल ठेवायचे. कंट्रोलमध्येही गुच्छ दिसले तर निकाल रद्द. नाण्यांच्या चळतीसारखे रचलेले रूलो दिसले तर सलाइनचा थेंब घाला. रूलो सुटतात, खरे गुच्छ सुटत नाहीत. स्लाइड वाळू देऊ नका, वाळलेल्या कडा गुच्छांसारख्याच दिसतात.

आता आई. ती आरएच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. आरएचची प्रतिद्रव्ये निसर्गतः नसतात, पॉझिटिव्ह पेशी भेटल्यावरच बनतात, आणि ती आयजीजी असल्याने पुढच्या खेपेला वार ओलांडतात. म्हणून पहिले बाळ सहसा सुटते. बाळंतपणानंतर ७२ तासांत ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी द्यायचे असते. तेवढ्याने बाळाच्या सुमारे ३० मिली रक्ताचा निकाल लागतो. आपल्या केसमध्ये चौथा दिवस आहे, तरीही आईला आधीच अँटी-डी बनलेले नसेल तर ते देतातच. उशिरा दिल्याने संरक्षण कमी होते, शून्य होत नाही. या आईच्या बाजूने एक गोष्ट आहे: ती ओ आणि बाळ ए, त्यामुळे तिच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशी तिचे अँटी-ए लगेच नष्ट करते आणि अँटी-डी बनण्याची शक्यता घटते.

ओ दिसतो, पण ओ नाही

ए आणि बी ही दोन्ही प्रतिजने एच या पायावर बसतात. एचच्या टोकाला एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामीन जोडले की ए, गॅलॅक्टोज जोडले की बी, काहीच जोडले नाही की ओ. म्हणजे ओ गटाच्या पेशीवर एच भरपूर असतो. ए-बीचे जनुक ९ व्या गुणसूत्रावर आहे आणि एचचे १९ व्या. एचचे जनुकच दोन्हीकडून निकामी असेल तर ए किंवा बीचे जनुक असूनही त्याला बसायला पाया मिळत नाही. हा बॉम्बे रक्तगट. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतून तो जगापुढे मांडला, आणि भारतात तो साधारण दहा हजारांत एकाला असतो.

नुसत्या अँटी-ए आणि अँटी-बीने तपासले तर हा माणूस ओ ठरतो. पण त्याच्या रक्तात अँटी-ए, अँटी-बीसोबत शरीराच्या तापमानालाही जोरदार काम करणारे अँटी-एच असते, आणि ओ पेशी एचने भरलेल्या असतात. त्याला ओ रक्त दिले तर तीव्र प्रतिक्रिया येते. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. ओळखायचे दोन मार्ग आहेत. त्याच्या पेशींवर अँटी-एच लेक्टिन घातले तर गुच्छ होत नाहीत, खऱ्या ओमध्ये होतात. आणि त्याचे रक्तद्रव ओ पेशींवर घातले तर त्यांचे गुच्छ होतात, जे खऱ्या ओच्या रक्तद्रवाने सहसा होत नाहीत. म्हणून रक्तद्रवाच्या तपासणीत ए आणि बी पेशींसोबत ओ पेशींची तिसरी नळी लावतात.